पेंटाच्या कागदावर ॲल्युमिनियम, एमएमआरच्या कागदावर नाही. असं का?

नाशिकचा_बाबा (धागाकर्ता)

मंडळी, लेकीला काल नऊ महिन्यांची एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिली. डॉक्टरांकडे बरीच गर्दी होती, म्हणून रिकाम्या खोक्यातला घडीचा कागद वाचत बसलो. घरी आल्यावर फाइलमधून जुना पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे घटसर्पासकट पाच आजारांवरच्या एकत्र लशीचा कागदही काढला. पेंटाच्या घटकांत 'ॲल्युमिनियम फॉस्फेट' लिहिलंय, एमएमआरमध्ये ॲल्युमिनियमचा पत्ताच नाही.

दुसरी गोष्ट. पेंटाची बाटली दुधाळ पांढरी होती आणि नर्सताईंनी ती खसाखसा हलवली होती. एमएमआर म्हणजे तळाशी चिकटलेली कोरडी पूड. तिच्यात पाणी घातलं आणि औषध एकदम पारदर्शक झालं.

तिसरी गोष्ट. पेंटानंतर मांडीत सुपारीएवढी घट्ट गाठ आली होती आणि ती तीन आठवडे राहिली. काल दंडावर तसलं काहीच नाही.

या तिन्हींचा एकमेकींशी संबंध आहे का? आणि मुळात लशीत ॲल्युमिनियम कशाला लागतं? डॉक्टरांना विचारलं तर "ते लागतंच" एवढंच म्हणाले. बाहेर वीस पोरं रडत होती, त्यांना दोष नाही देत.

खवचट_बोका

ॲल्युमिनियम असतं कारण लस गरम राहावी म्हणून फॉइलमध्ये गुंडाळतात. पुढचा प्रश्न?

जीवनसत्त्व_क

सोपं आहे. एमएमआर जिवंत लस आहे, म्हणजे अशक्त केलेले पण जिवंत विषाणू. ते शरीरात थोडे वाढतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीला भरपूर वेळ मिळतो. पेंटातलं सगळं मेलेलं किंवा तुकड्यातुकड्यांचं. ते टोचलं की एक-दोन दिवसांत वाहून जाणार. ॲल्युमिनियम त्याला मांडीतच धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, ठिबक सिंचनासारखं. गाठ म्हणजे ते ठिबकचं गोदाम. मेलेल्या प्रत्येक लशीत हे घालावंच लागतं. याला ॲडज्युव्हंट म्हणतात. बीएस्सीला शिकलोय.

कोकणी_काकू

म्हणजे तुरटीच ना ही? आमच्याकडे पावसाळ्यात विहिरीच्या गढूळ पाण्यात फिरवतो ती? दाढी करताना कापलं की लावतात ती? बाळाला तुरटी टोचतात??

पांढरी_पेशी

काकू, तुम्ही गमतीत म्हणालात पण नेम बरोबर लागलाय. गोष्ट खरंच तुरटीपासून सुरू होते. त्याच्याही आधी घोड्यांपासून, म्हणून तिथून सांगते. (बारा वर्षं प्रयोगशाळेत उंदरांना हेच टोचण्यात गेली, म्हणून अधिकार समजा.)

१९२० च्या दशकात घटसर्पाचं प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून काढत. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गास्तों रामों नावाचे पशुवैद्य हे काम बघत. सगळ्या घोड्यांना तेच औषध, तेवढंच औषध. तरी काहींच्या रक्तात प्रतिविष भरपूर, काहींच्या जेमतेम. रामोंच्या लक्षात आलं की ज्या घोड्याला टोचल्या जागी गळू झालं त्याचं रक्त जास्त चांगलं. मग त्यांनी मुद्दाम जागा चिडवायला सुरुवात केली. औषधात साबुदाण्यासारखा टॅपिओका घातला, पावाचा चुरा घातला. प्रतिविष वाढलं.

खवचट_बोका

साबुदाणा!! म्हणजे उपासाची लस.

पांढरी_पेशी

:) पुढे ऐका. १९२६ साली लंडनला अलेक्झांडर ग्लेनी घटसर्पाच्या निर्विष केलेल्या विषावर काम करत होते. त्यांनी त्यात पोटॅश ॲलम, म्हणजे काकूंची तुरटी घातली. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ तळाशी बसतो ना, तसाच तिथे प्रथिनाचा पांढरा साका खाली बसला. तो साका गिनीपिगना टोचला तर नुसत्या द्रावापेक्षा कितीतरी जास्त अँटिबॉडी तयार झाल्या. आज तुरटीचा खडा वापरत नाहीत. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा फॉस्फेटचा मऊ जेल आधी बनवतात आणि प्रथिन त्याच्या कणांवर चिकटवतात. पण घराणं तेच.

धागाकर्त्याच्या पहिल्या दोन निरीक्षणांचं उत्तर यात आलं. दुधाळपणा त्या कणांचा आहे. ठेवली की ते खाली बसतात, म्हणून नर्सताई बाटली हलवतात. न हलवता सुईत ओढलं तर वरचं पाणीच जास्त येईल आणि लस तळाशी राहील.

जीवनसत्त्व_क यांचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यावर उद्या लिहिते, आता कुकर लावायचाय.

संशयात्मा

मला एक कळत नाही. लस एवढी चांगली असेल तर तिला धातूची मदत का लागते? शरीर जर त्या प्रथिनाला प्रतिसाद देत नसेल तर कदाचित शरीराला ते गरजेचं वाटत नसेल. आपण जबरदस्ती का करतोय? आणि ॲल्युमिनियमची भांडी वापरू नका म्हणून सांगणारे हेच डॉक्टर ना?

तात्या_गोठेवाले

आमच्या जनावरांचं सांगतो. लाळ्या खुरकुताची लस वर्षातून दोन वेळा असते. डॉक्टर म्हणतात ती तेलातली लस आहे. मानेवर टोचतात, गाठ येते, कधी लिंबाएवढी. दोन-तीन दिवस दूध पडतं. गावातले निम्मे लोक दूध पडतं म्हणूनच जनावर लपवतात. मी म्हटलं डॉक्टरला, तेल कशाला घालता, साधी द्या. तो म्हणाला साधी दिली तर मला दर महिन्याला बोलवावं लागेल. खरं आहे का हे?

पांढरी_पेशी

तात्या, महिन्याचं त्यांनी चढवून सांगितलं असेल, पण रोख खरा आहे. पूर्वी ही लस ॲल्युमिनियम जेलवर असायची आणि तिचा असर लवकर ओसरायचा. तेलात घोटलेली लस जास्त टिकते. माणसाला इतकं चिडवणारं खनिज तेल देत नाहीत. १९३० च्या दशकात फ्रॉइंड यांनी तेलात क्षयाचे मेलेले जंतू घालून एक मिश्रण केलं होतं. अँटिबॉडी अफाट, पण टोचलेल्या जागी फोड आणि जखमा. ते प्राण्यांच्या प्रयोगांपुरतंच राहिलं.

आता संशयात्मा यांच्या प्रश्नाकडे, कारण तो खरंच मुळावरचा प्रश्न आहे. शरीर शुद्ध प्रथिनाला प्रतिसाद का देत नाही?

आपल्या अंगात परकं प्रथिन रोज येतं. जेवणातून येतं, धुळीतून येतं. प्रत्येकाशी भांडायला गेलं तर जगणं अवघड. म्हणून यंत्रणा दोन प्रश्न विचारते. हे परकं आहे का? आणि याच्यासोबत काही धोका आहे का? दोन्हींचं उत्तर हो आलं तरच सैन्य हलतं.

जंतू येतो तेव्हा तो आपली ओळख अंगावर घेऊनच येतो. जिवाणूच्या भिंतीतली चरबी, विषाणूचा आरएनए, असल्या गोष्टी आपल्या पेशींत सहसा नसतात. त्या ओळखणारे रिसेप्टर आपल्याकडे जन्मतः असतात. टोचलेल्या जागेजवळच्या डेंड्रिटिक पेशींना ती खूण लागली की त्या जाग्या होतात, प्रथिनाचे तुकडे उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत जाऊन टी पेशींना दाखवतात. दाखवताना स्वतःच्या अंगावर 'हे गंभीर आहे' अशी दुसरी खूणही उभी करतात. त्या दुसऱ्या खुणेशिवाय टी पेशीला तुकडा दाखवला तर ती नुसती दुर्लक्ष करत नाही, पुढच्या वेळीही गप्प बसायला शिकते.

आता लस बनवणाऱ्याने काय केलं? ताप येऊ नये म्हणून प्रथिन धुऊन धुऊन स्वच्छ केलं आणि जंतूची सगळी ओळख काढून टाकली. उरलं ते निनावी प्रथिन.

याचा एक प्रयोग माझा फार आवडता आहे. १९६२ साली ड्रेसर नावाच्या संशोधकाने गायीच्या रक्तातलं एक प्रथिन घेतलं. नेहमी ते उंदरांना टोचलं की अँटिबॉडी यायच्या. त्याने ते प्रथिन खूप वेगाने सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, म्हणजे त्यातल्या गुठळ्या तळाशी गेल्या, आणि वरचा नितळ भाग तेवढा टोचला. अँटिबॉडी आल्याच नाहीत. पुढे त्याच उंदरांना तेच प्रथिन ॲडज्युव्हंटबरोबर दिलं तरी ते ढिम्म. नितळ प्रथिनाने त्यांना शिकवलं होतं की हे आपलंच आहे, सोडून द्या.

म्हणून 'शरीराला गरज वाटत नाही' यात तथ्य आहे, पण ती गरज शरीर धोक्याच्या खुणेवरून ठरवतं. घटसर्पाचं विष खरंच आलं तर तेव्हा खूण मिळेल, पण तोवर उशीर झालेला असेल. आपण फक्त खूण आधी पोचवतो.

कोकणी_काकू

म्हणजे लग्नात अनोळखी माणूस जेवून गेला तर कुणी विचारत नाही, पण त्याच्या हातात कोयता दिसला तर मांडवभर आरडाओरडा. असंच ना?

पांढरी_पेशी

काकू, हे मी माझ्या वर्गात वापरणार. श्रेय देईन.

जीवनसत्त्व_क

मस्त. पण माझ्या ठिबक सिंचनाचं काय झालं? पुस्तकात स्पष्ट 'डेपो' लिहिलंय.

पांढरी_पेशी

ती कल्पना ग्लेनींचीच, आणि पुस्तकांत ऐंशी वर्षं राहिली. पण २०१२ मध्ये काही संशोधकांनी ती सरळ तपासली. उंदरांना ॲल्युमिनियमवाली लस टोचली आणि दोन तासांनी टोचलेली जागाच कापून काढली. गोदामच गेलं. तरी अँटिबॉडी आणि टी पेशींचा प्रतिसाद जवळपास तसाच. म्हणजे जे महत्त्वाचं घडायचं ते पहिल्या दोन तासांत घडून गेलं होतं, हळूहळू सोडण्याची गरज दिसली नाही.

मग ॲल्युमिनियम करतं काय? प्रामाणिक उत्तर असं की पूर्ण उलगडलेलं नाही. प्रथिन कणांवर चिकटलं की पेशी ते पटकन गिळतात, एवढं नक्की. शिवाय कणांमुळे जागेवरच्या काही पेशी जखमी होतात किंवा मरतात. त्यांच्यातून युरिक ॲसिड आणि डीएनए बाहेर पडतो आणि ती जंतूची नाही पण नुकसानीची खूण ठरते. २००८ मध्ये एनएलआरपी३ नावाच्या पेशीतल्या यंत्रणेवर सगळं खापर फोडणारे निबंध आले. मग इतर प्रयोगशाळांनी म्हटलं, ती यंत्रणा नसलेल्या उंदरांतही अँटिबॉडी येतातच. आमच्या प्रयोगशाळेत यावर एकदा चहाचे कप आपटेपर्यंत भांडण झालंय.

आणि 'मेलेल्या प्रत्येक लशीत लागतंच' हेही नाही. कुत्रा चावल्यावर आपण जी घेतो ती रेबीजची लस मेलेल्या विषाणूची, तिच्यात ॲल्युमिनियम नसतं. पोलिओचं इंजेक्शनही तसंच. अख्खा विषाणू मारला तरी त्याच्या पोटात आरएनए असतो, अंगावर प्रथिनं ओळीने मांडलेली असतात, म्हणजे थोडी ओळख शिल्लक असते. पण तेवढी दर वेळी पुरेलच असं नाही. कोव्हॅक्सिनही अख्खा मारलेला विषाणूच होता, तरी तिच्यात ॲल्युमिनियम जेल होतं आणि त्यावर आरएनएची खूण ओळखणाऱ्या रिसेप्टरला चेतवणारा एक रेणू चिकटवला होता. जितकं तुकडे कराल, धुवाल, तितकी मदत जास्त लागते, हा ढोबळ नियम.

जीवनसत्त्व_क

बीएस्सीची फी परत मागतो.

ह्यूस्टनची_मीरा

अवांतर होईल पण माझा अनुभव. मागच्या वर्षी पन्नाशी ओलांडल्यावर नागिणीची लस घेतली, शिंग्रिक्स. दुसऱ्या डोसनंतर रात्रभर हुडहुडी, दंड इतका दुखत होता की ब्लाउजचं बटण लागेना. नवरा म्हणाला खरी नागीण बरी. ही लस तर म्हणे एकाच प्रथिनाची आहे, जिवंत नाही काही नाही. मग एवढा दणका कशाचा?

पांढरी_पेशी

अवांतर मुळीच नाही, उलट विषयाचं उत्तम उदाहरण दिलंत. आधी नागिणीची लस जिवंत विषाणूची होती. साठीपुढच्या लोकांत तिने नागीण साधारण निम्म्याने कमी केली, सत्तरीपुढे त्याहून कमी. शिंग्रिक्समध्ये विषाणूच्या अंगावरचं एकच प्रथिन आहे, ५० मायक्रोग्रॅम. तरी चाचण्यांत सत्तरीपुढच्यांतही तिने ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं. 'जिवंत लस नेहमीच भारी' या समजुतीला बसलेला हा मोठा धक्का.

फरक ॲडज्युव्हंटचा. त्यात ॲल्युमिनियम नाहीच. चरबीच्या बारीक फुग्यांत दोन गोष्टी बसवल्या आहेत. एक, जिवाणूच्या भिंतीतल्या चरबीचं सौम्य केलेलं रूप. ही अस्सल जंतूची खूण, कोयताच. दुसरी, चिलीतल्या क्विलाया नावाच्या झाडाच्या सालीतलं सॅपोनिन. तुमची हुडहुडी याच दोघांची. ॲल्युमिनियम मुख्यतः अँटिबॉडी वाढवतं. नागिणीचा विषाणू मज्जातंतूंत दडून बसलेला असतो, त्याला टी पेशी लागतात, आणि त्या जागवण्यात ॲल्युमिनियम कच्चं पडतं.

कोकणी_काकू

सॅपोनिन म्हणजे फेस येणारं? आपल्या रिठ्यात, शिकेकाईत असतं ते?

पांढरी_पेशी

त्याच जातीचं. क्विलायाची साल पाण्यात घासली की फेस येतो, तिकडचे लोक कपडे धुवायला वापरत. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट मलेरियाची जी आर२१ लस बनवते तिच्यातही याच झाडाचं सॅपोनिन आहे. पण रिठ्याचं पाणी कुणी टोचून घेऊ नका. कच्चं सॅपोनिन रक्तपेशी फोडतं, लशीतलं बरंच गाळून, वेगळं काढून, चरबीत बांधलेलं असतं.

खवचट_बोका

आता केसांना शिकेकाई लावली की टक्कल विरोधी अँटिबॉडी येतील काय, विचारणार होतो. राहू दे.

संशयात्मा

पेशी मरतात, जखमी होतात म्हणता आणि तरी ते तीन महिन्यांच्या बाळाला देता. किती ॲल्युमिनियम जातं ते कुणी सांगेल का? आईच्या दुधातही असतं असलं नेहमीचं उत्तर नको.

पांढरी_पेशी

नेहमीचं उत्तर मलाही आवडत नाही. दुधातल्या किंवा अन्नातल्या ॲल्युमिनियमचा एक टक्काही आतड्यातून रक्तात जात नाही. टोचलेलं मात्र हळूहळू का होईना, बहुतेक सगळं रक्तात येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणं बरोबर नाही.

सरळ आकडा असा: युरोपीय औषधसंहितेत एका डोसला कमाल १.२५ मिलिग्रॅम ॲल्युमिनियमची मर्यादा आहे, आणि आपल्या पेंटाच्या कागदावरही तोच आकडा 'याहून जास्त नाही' म्हणून दिसेल. मूत्रपिंडं नीट असलेल्या बाळात ते साठून अपाय झाल्याचा पुरावा नाही. मूत्रपिंडं निकामी असलेल्या बाळाचा विचार डॉक्टर वेगळा करतात.

त्रास होतच नाही असंही नाही. काही थोड्या मुलांना टोचल्या जागी खाजरी गाठ महिनोन्‌महिने राहते आणि सर्दी झाली की खाज वाढते. सुई स्नायूत न जाता कातडीखालच्या चरबीत राहिली तर गाठीची शक्यता वाढते. म्हणून पेंटा मांडीच्या स्नायूत खोल देतात आणि एमएमआर कातडीखाली दिली तरी चालते. नाशिकचे बाबा, तुमचं तिसरं निरीक्षण.

संशयात्मा

हे पहिल्यांदा कुणीतरी न झिडकारता सांगितलं. पूर्ण पटलंय असं नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या लशीने युरोपात मुलांना झोपेचा आजार झाला होता, त्यातही ॲडज्युव्हंट होतं ना?

पांढरी_पेशी

होतं. पॅन्डेमरिक्स, फिनलंड आणि स्वीडनमध्ये नार्कोलेप्सीचे रुग्ण वाढले, हे खरं आहे आणि मान्य झालेलं आहे. पण तेच तेलकट ॲडज्युव्हंट असलेली त्याच कंपनीची दुसरी लस कॅनडात दिली, तिथे एवढी वाढ दिसली नाही. त्यामुळे विषाणूच्या प्रथिनावरही संशय आहे. ॲडज्युव्हंटचा वाटा किती यावर अजून एकमत नाही, मी तुम्हाला खोटं आश्वासन देणार नाही.

शीतपेटी

बरेच दिवस नुसता वाचत होतो. एकतीस वर्षं आरोग्य खात्यात औषध निर्माता होतो, लशींचा फ्रीज माझ्याकडे. या तुरटीमुळे माझी जी झोप उडाली ती सांगतो.

लोकांना वाटतं लस गरम झाली की खराब होते. बरोबर आहे. पण ॲल्युमिनियमवाली लस गोठली तरी खराब होते, आणि ते जास्त फसवं. बाटलीवर चौकोनाचा रंग बदलणारी खूण असते ना, ती फक्त उष्णता दाखवते. बाटली गोठून परत वितळली तर ती खूण अगदी ताजीतवानी दिसते.

एका जानेवारीत सकाळी आयएलआरचा, म्हणजे त्या लशींच्या फ्रीजचा थर्मामीटर रात्रीत उणे तीनपर्यंत उतरून गेल्याचं दाखवत होता. कुणीतरी रात्री थर्मोस्टॅटचा खटका फिरवला होता. पेंटाच्या बाटल्या टोपलीत वर होत्या, पण हिपॅटायटिस बीच्या काही बाटल्या कुणीतरी थेट तळाला लावून ठेवलेल्या. तळ सगळ्यात थंड. हिपॅटायटिसची लस तर शून्याच्या जेमतेम खाली गेली तरी गोठते. मी पाहिलं तेव्हा सगळ्या बाटल्या पातळ होत्या. रात्री गोठून सकाळी वितळल्या की गोठल्याच नाहीत, कळणार कसं?

मग शेक टेस्ट. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक बाटली घ्यायची आणि मुद्दाम डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून दगड करायची. तिच्यावर मार्करने 'गोठवलेली' लिहायचं, नाहीतर चुकून तीच कुणाला टोचली जायची. सकाळी ती आपोआप वितळू द्यायची, गरम पाण्यात नाही. मग एका हातात ती, दुसऱ्या हातात संशयित बाटली, दोन्ही दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायच्या आणि सपाट टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या. उजेडाकडे तोंड करून बसायचं.

गोठवलेल्या बाटलीत पाचएक मिनिटांतच वर नितळ पाणी दिसायला लागतं आणि खाली पांढरे पुंजके बसतात, दही फाटल्यासारखे. चांगली बाटली अर्धा तास तशीच दुधाळ. पंचेचाळीस वर्षांचा माणूस मी, दोन बाटल्यांसमोर परीक्षेतल्या पोरासारखा बसलो होतो. वरच्या टोपलीतल्या पेंटाच्या बाटल्या पास. तळाच्या हिपॅटायटिसच्या बाटल्या गोठवलेलीच्या बरोबरीने खाली बसल्या. अठ्ठावीस बाटल्या बाद केल्या, वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या.

पांढरी_पेशी ताई, आत नक्की काय होतं हे मला कधी कुणी सांगितलं नाही. फेकायच्या एवढंच माहीत.

पांढरी_पेशी

काका, ही पोस्ट धाग्यातली सगळ्यात मोलाची. जेलचे कण एरवी मऊ आणि फुगीर असतात, त्यांच्यात पाणी भरलेलं असतं. गोठताना बर्फाचे स्फटिक ते पाणी ओढून घेतात, कण एकमेकांवर दाबले जाऊन त्यांचे जड गोळे होतात. वितळलं तरी ते सुटत नाहीत. म्हणून भराभर खाली बसतात. प्रथिन त्या गोळ्यांत अडकतं, काही वेळा त्याची घडीही मोडते. बाळाला इंजेक्शन मिळतं, गाठही येते, पण अँटिबॉडी कमी. आणि ते कुणालाच दिसत नाही.

तात्या_गोठेवाले

म्हणजे आमच्याकडे थर्मासमध्ये बर्फात खुपसून आणतात ती गुरांच्या घटसर्पाची लस? माणसांच्या घटसर्पाहून हा रोग वेगळा, पण प्रश्न तोच. काही जनावरं लस देऊन पण गेली राव दोन वर्षांपूर्वी. डॉक्टर म्हणाला लस उशिरा दिली.

शीतपेटी

तात्या, उशीर पण कारण असू शकतं, अंगात तयारी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. पण बर्फाला बाटली थेट चिकटवू देऊ नका. आम्ही आइसपॅक फ्रीझरमधून काढून बाहेर ठेवतो, हलवल्यावर आत पाणी खुळखुळ वाजलं की मगच पेटीत. पुढच्या वेळी कानाला लावून बघा.

तात्या_गोठेवाले

बघतो. डॉक्टरला आवडणार नाही, पण बघतो.

नाशिकचा_बाबा (धागाकर्ता)

एवढं सगळं होईल वाटलं नव्हतं. काल भाच्याच्या दुसऱ्या पेंटाला बहिणीबरोबर गेलो होतो. नर्सताईंनी पेटीतून बाटली काढली, मी म्हटलं जरा दाखवता का. त्यांनी भुवई उंचावली पण दिली. हलवून टेबलावर ठेवली आणि मोबाइलवर वेळ लावून बघत बसलो. बहीण कपाळावर हात मारून घेत होती. पाच मिनिटांनी नर्सताई म्हणाल्या, "शेक टेस्ट करताय होय? मग शेजारी गोठवलेली पाहिजे, नुसती एक बघून काय कळणार?"

बाटली तोवर दुधाळच होती. मग त्यांनी परत एकदा हलवली आणि टोचली.

शीतपेटी

त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

खवचट_बोका

आणि गाठ आली का भाच्याला?

नाशिकचा_बाबा (धागाकर्ता)

आली. यावेळी लिंबोणीएवढीच. बहीण शेकायचं म्हणतेय, आई म्हणतेय हळद लाव. पांढरी_पेशी, काय करू?

पांढरी_पेशी

चोळू नका, हळद नको. सुजेवर स्वच्छ गार ओलं फडकं चालेल. गाठ लाल, गरम होऊन वाढायला लागली किंवा ताप उतरेना तर डॉक्टरांना दाखवा. नाहीतर नुसती राहू द्या.